‘भाचीला सांभाळून घ्या’ हे वाक्य पत्रातून काढा

प्रश्न : इतवारीत लोहाओळीजवळ माझं पंप, मोटर आणि पाईपचं दुकान आहे. एकेचाळीस वर्षं झाली. आता गुडघे साथ देत नाहीत आणि मुलगा काही पुण्याहून परत येणार नाही. अकरा वर्षांपासून हिशेब आणि खरेदी पाहणारी माझी भाचीच दुकान घेऊन राहिली. दुकान माझ्या एकट्याच्या मालकीचं, नाव तेच ठेवणार. सीएने करार करून दिला आहे : माल, येणं, देणं सगळं तिच्याकडे. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेकपर्यंतचे सव्वाशे दुकानदार माझे गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याकडे ३६ लाख येणं आहे. राजकोट आणि कोइमतूरच्या पार्ट्यांचं २१ लाख देणं आहे. सगळ्यांना एकच पत्र पाठवायचं म्हणतो. असं लिहिलं आहे : ‘पाडव्यापासून माझी भाची दुकान पाहील. तिला सांभाळून घ्या. तिचा शब्द तो माझाच शब्द समजा. मी दुकानात येत-जात राहीनच.’ यात काही कमी-जास्त करू काय?
— एक काका, इतवारी

उत्तर : नमस्कार काकाजी,

तुमचं पत्र काटोलच्या दुकानदाराच्या हाती पडलं की तो काय शोधेल ते पाहा. मागची बाकी कोणाला द्यायची? चेक कोणत्या खात्यावर? गेल्या महिन्यात नेलेली मोटर जळाली तर वॉरंटीत कोण बघणार? राजकोटच्या ऑफिसात बसलेला हिशेबनीस शोधेल की आमच्या थकबाकीचं काय आणि पुढचं बिल कोणत्या जीएसटी नंबरवर फाडायचं. तुमच्या चार वाक्यांत यातल्या एकाचंही उत्तर नाही. उलट चारांपैकी तीन वाक्यं तुम्हाला आणि तिला अडचणीत आणू शकतात. त्यामुळे कमी-जास्त करण्यापेक्षा नवीनच लिहू या, आणि एक नाही, दोन पत्रं लिहू. पैसे घेणाऱ्याला आणि पैसे देणाऱ्याला एकच मजकूर कधी पुरत नाही.

सगळ्यात आधी ‘तिचा शब्द तो माझाच शब्द’. हे तुम्ही मायेने लिहिलंय, पण तुमचा पुरवठादार ते वसुलीच्या नजरेने वाचेल. करार अधिनियमात, म्हणजे १८७२च्या कायद्यात, दुसऱ्याच्या देण्याची हमी तोंडी दिलेलीही चालते. त्यासाठी स्टँप पेपर लागतो असं काही नाही. उद्या तिच्याकडून पाच-सहा लाख अडकले तर तुमच्या सहीचं हे पत्र समोर ठेवून ‘काकांनीच शब्द दिला होता, म्हणून माल सोडला’ असं कोणीही म्हणेल. कोर्टात ते टिकेल की नाही हा पुढचा वाद. तुम्हाला निवृत्तीत तो वादच नको आहे.

तिच्यासाठी उभं राहायचंच असेल तर जरूर राहा, पण आकडा आणि तारीख घालून. समजा राजकोटची पार्टी तुम्हाला ४५ दिवसांवर ८ लाखांपर्यंत माल देते. ती भाचीला पहिल्या दिवशी तेवढी मर्यादा देणार नाही. बहुतेक तर आगाऊ पैसेच मागेल. तेव्हा वेगळ्या कागदावर लिहून द्या की १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळातल्या बिलांपुरती, जास्तीत जास्त ४ लाखांची हमी माझी. अशी चालू राहणारी हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन केव्हाही बंद करता येते. नोटिशीआधी झालेल्या बिलांची जबाबदारी मात्र राहते. हा कागद फक्त त्या पार्टीला द्यायचा. सव्वाशे लोकांना जाणाऱ्या पत्रात त्याचा उल्लेखही नको.

आता ‘सांभाळून घ्या’. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेपासून निरोप समारंभापर्यंत हे वाक्य सगळीकडे जातं. पण व्यापाऱ्याच्या कानाला त्याचा अर्थ एवढाच ऐकू येतो की ही कच्ची आहे. मग जो दुकानदार तुम्हाला ३० दिवसांत पैसे देत होता तो तिला ६० दिवसांवर नेतो आणि वर म्हणतो, ‘बाप्पा, आम्ही तर तिला सांभाळूनच घेऊन राहिलो.’ पुरवठादार नेमकं उलटं करतो, मुदत कमी करतो. दोन्हीकडून ओढाताण तिचीच.

त्यापेक्षा जे खरं आहे ते सांगा. अकरा वर्षं खरेदी ती पाहते, म्हणजे कोइमतूरला ऑर्डर तीच देते आणि कोणत्या पार्टीला किती उधार सोडायचं हेही बरंचसं तिनेच ठरवलेलं असणार. ‘आपली ऑर्डर आणि खातं गेली काही वर्षं तीच पाहत आली आहे’ एवढं एक वाक्य लिहिलं की पुरे. फोनवरचा आवाज त्यांना माहीत आहेच. त्या आवाजाला नाव आणि हुद्दा द्यायचा आहे. ‘मुलगी असूनही’ छापाचं काही चुकूनही घालू नका. ज्याला शंका नव्हती त्यालाही त्याने येते.

दिवाळीच्या पाडव्याबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण तुमचं मन त्यात असेल. वहीपूजन पाडव्यालाच करा, त्यात कोणी आडवं येत नाही. मालकी बदलण्याची तारीख मात्र १ ऑक्टोबर ठेवा. पाडवा बहुतेक वेळा महिन्याच्या मधेच येतो. मग एकाच महिन्याची विक्री दोन जीएसटी नंबरांत तुटते, स्टॉकची मोजणी दिवाळीच्या गर्दीत करावी लागते आणि रब्बीच्या ओलितासाठी मोटर मागणारे गिऱ्हाईक दारात उभे असतात. सप्टेंबरअखेर तुमच्या धंद्यात अजून पावसाळी मंदी असते. शिवाय तिमाही आणि सहामाही तिथेच संपते, त्यामुळे टर्नओव्हरवरच्या स्कीमचा हिशेब कंपन्यांना जुन्या नावावर एकरकमी मिटवता येतो. अर्धी स्कीम तुमच्या नंबरवर आणि अर्धी तिच्या नंबरवर पडली की दोघंही टप्प्याखाली राहता आणि क्रेडिट नोट कोणालाच येत नाही, हा प्रकार मी पाहिलेला आहे.

जीएसटी नंबर बदलतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. दुकानाचं नाव तेच, पाटी तीच, मग नंबरही तोच असं वाटतं. पण एकट्याच्या मालकीच्या दुकानाचा नंबर मालकाच्या पॅनवर बांधलेला असतो. मालक बदलला की पॅन बदलतं, म्हणून नंबरही नवा. तुमच्याकडे शिल्लक असलेलं इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने तिच्या नंबरवर जातं. त्यासाठी करारात देणं तिच्याकडे जात असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं, सीएचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तिने ते पोर्टलवर स्वीकारावं लागतं. ते तुमचे सीए करतील. तुमच्या पत्राचं काम वेगळं आहे : जुन्या नंबरवरची बिलं वेळेत थांबवणं.

कोइमतूरहून २८ सप्टेंबरला जुन्या नंबरवर बिल फाडलं आणि गाडी इतवारीत ४ ऑक्टोबरला आली, तर बिल तुमचं आणि माल उतरवून घेतला तिने. क्रेडिटसाठी माल मिळालेला असणं ही अटच असल्याने तो तिढा सोडवायला सीएची फी आणि सगळ्यांचा वेळ जातो. म्हणून लांबच्या पुरवठादारांना स्पष्ट लिहा की २० सप्टेंबरनंतर जुन्या नंबरवर माल पाठवू नये. एवढं करूनही एखादं बिल निसटतंच. दुकानात माल उतरवताना बिलावरचा नंबर वाचायची सवय लावा. आणि १४ नोव्हेंबरला ऑक्टोबरचं जीएसटीआर-२बी, म्हणजे त्या नंबरवर फाडलेल्या बिलांचं पोर्टलवरचं पत्रक येईल, तेव्हा तुमच्या जुन्या नंबरचंही उघडून बघा. त्यात काही पडलेलं दिसलं तर त्याच दिवशी पार्टीला फोन. जुनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, म्हणून क्रेडिट नोटा आणि माल परतीची प्रकरणं शक्यतो सप्टेंबरातच उरकून घ्या.

आता पैशाचं, आणि इथे थोडा वेळ लागेल.

पुरवठादारांचे २१ लाख करारानुसार भाचीने द्यायचे, हे तुमच्या दोघांत ठरलं. पण राजकोटच्या पार्टीने तुमच्याशी व्यवहार केला होता, तिच्याशी नाही. तुम्ही ‘१ तारखेपासून माझी जबाबदारी नाही’ असं कितीही ठळक लिहिलंत तरी त्याने तुम्ही सुटत नाही. देणेकरी बदलायचा तर घेणेकऱ्याची संमती लागते. त्यामुळे पुरवठादारांच्या पत्राची दुसरी प्रत जोडा आणि ‘मान्य’ म्हणून सही-शिक्क्यासह परत मागा. जो सही देणार नाही, आणि काही जण देणार नाहीतच, त्याची जुनी बाकी ३० सप्टेंबरपूर्वी तुमच्याच खात्यातून चुकती करणं सगळ्यात स्वस्त. भाचीशी तेवढा हिशेब आपसात करून घ्या. जीएसटीचं मात्र वेगळं आहे. बदलाच्या तारखेपर्यंतच्या कराला तुम्ही आणि ती दोघंही जबाबदार राहता, कोणाच्या पत्राने ते बदलत नाही.

आणखी एक. तुमच्या पिढीच्या व्यापाऱ्यांनी पुरवठादारांकडे सही केलेले कोरे चेक ठेवलेले असतात. तुम्ही ठेवले असतील तर पत्रात चेकचे नंबर लिहून ते परत मागा. सही करून दिलेला अपुरा चेक भरून घेण्याचा अधिकार घेणाऱ्याला असतो आणि तो परतला तर नोटीस सही करणाऱ्याला येते. भाचीच्या नव्या देण्यासाठी तुमचा जुना चेक बँकेत जाण्याची वेळ येऊ देऊ नका. कंपनीकडे डीलर डिपॉझिट असेल तर तेही याच पत्रात विचारा. डीलरशिप तिच्या नावे आपोआप जाईल असं मात्र पत्रात गृहीत धरू नका. बऱ्याच कंपन्या नवा अर्जच मागतात, म्हणून त्यांच्या एरिया मॅनेजरशी पत्राआधी बोला.

गिऱ्हाइकांकडचे ३६ लाख ही दुसरी बाजू, आणि इथे तुमचं पत्र नुसतं कळवण्यापुरतं राहत नाही, त्याला कायद्याने वजन आहे. येणं दुसऱ्याच्या नावे करता येतं. ते लेखी आणि तुमच्या सहीचं असावं लागतं, ते तुमच्या कराराने झालं. पण ज्याच्याकडे बाकी आहे त्याला लेखी सूचना मिळेपर्यंत त्याने जुन्या मालकाला दिलेले पैसे पावले असंच धरलं जातं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाची कलमं १३० आणि १३१ हेच सांगतात. सूचनेवर तुमची सही हवी आणि नव्या मालकाचं नाव व पत्ता हवा. ‘माझी भाची’ एवढ्याने भागत नाही.

काटोलच्याच दुकानदाराचं उदाहरण घ्या. समजा ३० सप्टेंबरला त्याची बाकी १,८४,००० रुपये. तो ६ ऑक्टोबरला नागपूरला येतो, तुमच्या घरी चहा घेतो आणि ५०,००० रोख तुमच्या हातात ठेवतो. पत्र त्याला मिळालंच नसेल तर तो ५०,०००तून मोकळा. भाची त्याच्याकडे १,३४,०००च मागू शकते आणि ते पन्नास हजार तिला तुमच्याकडून घ्यावे लागतात. पत्र मिळालेलं असेल तर त्याने तुम्हाला दिलेल्या पैशांशी तिचा संबंध नाही, तिचे पूर्ण १,८४,००० उभे राहतात आणि त्याला तुमच्याकडे परत मागायला यावं लागतं. पन्नास हजारांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढणार नाही, हे मलाही कळतं. पण तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाशी तिचं पहिलं बोलणं या भांडणाने सुरू होईल. म्हणून पत्रात स्वच्छ लिहा की १ ऑक्टोबरपासून मला पैसे देऊ नका, आणि कोणी घरी घेऊन आलंच तर हात लावू नका, दुकानात पाठवा.

पत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल, तेव्हा महिनाअखेरची बाकी ठरलेली नसेल. ती वेगळ्या चिठ्ठीवर, ऑक्टोबरच्या पहिल्या बिलासोबत पाठवा : ‘३० सप्टेंबरअखेर माझ्याकडे रु. अमुक बाकी आहे, मान्य’, खाली तारीख, सही, शिक्का. या चिठ्ठीची किंमत तुमच्या जुन्या थकबाकीत कळेल. उधारीच्या मालाच्या वसुलीची मुदत तीन वर्षं. ती संपण्याआधी बाकी लेखी मान्य करून सही दिली तर सहीच्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. काटोलच्या त्या बाकीत अडीच वर्षांपूर्वीची ६२,०००ची बिलं असतील तर या सहीने ती पुन्हा जिवंत राहतात. तीन वर्षं आधीच उलटली असतील तर नुसतं ‘बाकी मान्य’ पुरत नाही, ‘एवढे पैसे देईन’ असं लेखी वचन घ्यावं लागतं. असली फार जुनी खाती भाचीच्या गळ्यात घालूच नका, असं माझं मत. ती तुमच्याकडे ठेवा आणि करारात तसा बदल करून घ्या. निवृत्तीत करायला काहीतरी काम हवंच.

बँक खातं बदलल्याचं कळवताना सावध राहा. ‘आमचं खातं बदललं, यापुढे पैसे इथे टाका’ असे मेल आणि मेसेज ठगही पाठवतात, व्यापारी आता असल्या मजकुराला घाबरतात आणि घाबरायलाच हवं. म्हणून खातं क्रमांक लेटरहेडवर, तुमच्या सहीने, शक्यतो माणसाच्या हाती द्या आणि खाली लिहा की पहिलं पेमेंट करण्याआधी तुमच्याकडे आधीपासून असलेल्या दुकानाच्या नंबरवर फोन करून खात्री करा. पत्रातला नंबर लावून खात्री करण्यात अर्थ नाही, ठगानेही पत्रात स्वतःचाच नंबर दिलेला असतो. एक रुपया टाकून नाव बरोबर दिसतं का ते बघितलं तर आणखी चांगलं. तुमचं जुनं खातं मार्चपर्यंत तरी चालू ठेवा, मागच्या तारखांचे चेक येतच राहतात. बँकेचं कॅश क्रेडिट असेल तर बँकेशी आधी बोला. आणि गल्ल्यावरचा क्यूआर कोड ३० तारखेच्या रात्री काढून टाका. तो तुमच्या खात्याला जोडलेला आहे, आणि काढला नाही तर भाचीच्या विक्रीचे पैसे तुमच्या खात्यात पडत राहतील.

हे सगळं गिऱ्हाइकांच्या पत्रात असं बसतं :

> सप्रेम नमस्कार.
>
> १ ऑक्टोबरपासून आपल्या दुकानाची मालकी माझी भाची (पूर्ण नाव, पत्ता) हिच्याकडे जात आहे. दुकानाचं नाव, जागा आणि फोन तेच राहतील. मालक, जीएसटी नंबर आणि बँक खातं बदलेल. तिन्ही खाली दिले आहेत. आपली ऑर्डर आणि खातं गेली काही वर्षं तीच पाहत आली आहे. यापुढे दर, उधारी आणि मुदत तीच ठरवेल.
>
> आपल्याकडील ३० सप्टेंबरअखेरची बाकी वसूल करण्याचा हक्क मी लेखी कराराने तिला दिला आहे. १ ऑक्टोबरपासून ही रक्कम तिच्याच खात्यात भरावी, मला देऊ नये. बाकीची चिठ्ठी ऑक्टोबरच्या पहिल्या बिलासोबत येईल, ती सही करून परत द्यावी. खात्याची खात्री दुकानाच्या जुन्या फोनवर करून घ्यावी.
>
> ३० सप्टेंबरपर्यंत विकलेल्या पंप-मोटरची वॉरंटी दुकानातच पाहिली जाईल, जुनं बिल सोबत आणावं. परत करायचा माल २५ सप्टेंबरपर्यंत पाठवावा.
>
> जुन्या हिशेबात शंका असल्यास ३१ डिसेंबरपर्यंत मी फोनवर आहे. इतक्या वर्षांच्या व्यवहाराबद्दल आपला आभारी आहे.

खाली तुमची सही आणि तिचीही. तिची सही तुमच्या शेजारी, त्याच आकाराच्या नावाखाली. आभाराची ओळ शेवटी आणि एकच. मोठ्या दहा-बारा गिऱ्हाइकांच्या पत्रावर हाताने दोन ओळी लिहा, कोणाच्या पोराच्या लग्नाचं, कोणाच्या विहिरीचं. छापील कागदावर ती माया सगळ्यांना सारखी वाटता येत नाही.

पुरवठादारांचं पत्र याहून कोरडं ठेवा. पहिल्या परिच्छेदात बदल आणि तारीख, दुसऱ्यात २० सप्टेंबरची अट आणि नवा नंबर, तिसऱ्यात थकबाकीचा आकडा आणि ती तिने देण्याला त्यांची संमती, चौथ्यात स्कीमचा हिशेब, डिपॉझिट आणि कोऱ्या चेकचे नंबर. पुढची मर्यादा तिला मागू द्या. ‘पहिले तीन महिने ४ लाख, ३० दिवस’ असं तिने स्वतःच्या सहीने मागितलं तर पार्टी तिच्याशी बोलायला लागते. तुम्ही मागितलंत तर बोलणं तुमच्याशीच चालू राहतं. तिचा जीएसटी नंबर हातात आल्याशिवाय दोन्हीतलं एकही पत्र छापू नका. अर्ज केलाय एवढ्यावर कोणी बिल फाडत नाही.

क्रम असा ठेवा : आधी पुरवठादार, आठवड्याने गिऱ्हाईक. कंपन्यांचे सेल्समन सगळ्या गावांत फिरतात. काटोलला कळलं आणि राजकोटला कळलं नसेल, तर राजकोटला बातमी ‘काकांनी दुकान विकलं’ अशी पोहोचते आणि वाटेतली गाडी थांबते. मोठ्या पाच पार्ट्यांना पत्राच्या आदल्या दिवशी भाचीला शेजारी बसवून फोन करा. ‘ही बोलते’ म्हणून फोन तिच्या हाती द्या आणि मग खोलीतून उठून जा. पोळा त्या सुमारास आला तर मारबतीच्या दिवशी पत्रं वाटायला माणूस पाठवू नका, इतवारीतून तो बाहेरच पडू शकणार नाही.

दुसऱ्या वाचकांसाठी एक वाक्य : हा मजकूर एकट्याच्या मालकीच्या दुकानाचा आहे. भागीदारीतून निवृत्त होणाऱ्याने तो उचलू नये. तिथे १९३२च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या देशी भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना, निबंधकाला नोटीस, आणि जीएसटी आयुक्तांना निवृत्तीपासून एका महिन्याच्या आत लेखी कळवणं, हे सगळं लागतं. नाहीतर निवृत्त झाल्यानंतरची देणीही मागे लागतात.

राहिलं तुमचं ‘येत-जात राहीनच’. त्याने काय होईल ते सांगतो. उमरेडचा दुकानदार तुमच्या घरी फोन करेल : ‘काकाजी, ती दर सोडून नाही राहिली, तुम्ही सांगा ना.’ तुम्ही एकदा सांगितलंत की पुढच्या महिन्यात दहा जण फोन करतील आणि तिच्या दराला किंमत राहणार नाही. म्हणून पत्रात तुमचा फोन फक्त जुन्या हिशेबापुरता आणि ३१ डिसेंबरपर्यंत ठेवला आहे. दराचा फोन आला तर ‘तिलाच विचार’ एवढंच म्हणा आणि विहिरीला पाणी किती लागलं ते विचारा. दुकानात गेलात तरी गल्ल्याच्या खुर्चीवर बसू नका. बाहेरच्या बाकावर बसा.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वाशेपैकी किती चिठ्ठ्या सही होऊन आल्या ते मोजा. ज्यांच्या आल्या नाहीत त्यांची यादी गावानुसार करा आणि मोठ्या रकमांच्या घरी दिवाळीआधी दोघंही जाऊन या. आकड्यावर वाद असेल तर वहीतला उतारा आणि बिलं सोबत न्या, वादातली रक्कम चिठ्ठीवर वेगळी लिहा आणि उरलेल्या रकमेवर तेवढ्यात सही घ्या. जो तेव्हाही सही टाळेल त्याला नवा माल तिने रोखीनेच द्यावा, आणि हे त्याला तिनेच सांगावं.